नवरात्रात कडक उपवास केले आणि पाळी लांबली. कोणाला असा अनुभव?

जाईजुई | ३० ऑक्टोबर २०२४, रात्री १०.४०

इथे हा विषय काढावा की नाही, असा दोन दिवस विचार केला, शेवटी काढतेच आहे.

वय २९, लग्नाला तीन वर्षं झाली. पाळी अगदी घड्याळासारखी, २८ ते ३० दिवसांनी. शेवटची २६ सप्टेंबरला आली होती, म्हणजे २५ ऑक्टोबरच्या आसपास यायला हवी होती. आज ३० तारीख उजाडून मावळली, तरी पत्ता नाही. २७ला घरी टेस्ट केली, निगेटिव्ह.

यंदा वेगळं एवढंच केलं, की नवरात्राचे नऊही दिवस उपवास केले. एरवी मी उठता-बसता करणारी. यंदा जाऊबाईंनी कडक करायचं ठरवलं, मग मीही त्यांच्याबरोबर केलं. घटस्थापनेपासून (३ ऑक्टोबर) दसऱ्यापर्यंत सकाळी एक ग्लास दूध, दुपारी एक केळं, रात्री पुन्हा एक ग्लास दूध आणि चार खजूर. बाकी पाणी आणि बिनदुधाचा चहा. वजन ५२ वरून साडेएकोणपन्नासवर आलं.

आता गंमत अशी, की जाऊबाईंनी अगदी हेच खाल्लं आणि त्यांची पाळी ठरल्या दिवशी आली. दसऱ्याच्या दिवशी सकाळी, म्हणजे पूजा माझ्याच गळ्यात पडली. एकाच घरात, एकाच ओट्यावर, एकच उपवास. त्यांना काही नाही आणि मलाच का? माझ्यात काही बिघडलंय का?

---

खवय्या_नाशिककर | ३० ऑक्टोबर, ११.०२

शीर्षकातलं "पाळी लांबली" वाचून वाटलं कंपनीत रात्रपाळी वाढली. आत येऊन बघतो तर काय. काढता पाय घेतो.

---

सुलभामावशी | ३० ऑक्टोबर, ११.२०

अगं, घाबरू नकोस. उपवासाने अंगात उष्णता वाढते आणि रक्त कमी होतं. रक्तच नाही तर येणार कुठून? थोडी पपई खा, तीळ-गूळ खा, ओव्याचं पाणी पी, चार दिवसांत येईल. आमच्या वेळी हे घरोघरी व्हायचं, डॉक्टरकडे कोणी जात नसे.

आणि उपवासाला दूध-केळं एकत्र खाऊ नये.

---

गंधाली | ३१ ऑक्टोबर, सकाळी ७.१५

मावशी, मग श्रावणभर सोमवार, शनिवार, संकष्टी, एकादशी करणाऱ्या माझ्या आईची पाळी कधी एक दिवस हलली नाही ती कशी?

---

खवय्या_नाशिककर | ३१ ऑक्टोबर, ७.३१

काढता पाय घेतला होता, पण याचं उत्तर मला येतं: एकादशी, दुप्पट खाशी. साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याचं कूट, वर तूप, बरोबर बटाट्याचा कीस आणि नंतर शिंगाड्याचा शिरा. त्या दिवशी आमच्या घरी वजन वाढतं.

---

रेवा_म | ३१ ऑक्टोबर, दुपारी २.१०

खवय्या गमतीत बोलले, पण मुद्दा तोच आहे. (मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, तालुक्याच्या गावी. दसरा ते दिवाळी या दिवसांत माझ्या ओपीडीत हा प्रश्न दर वर्षी येतो.) उपवास हा शब्द शरीराला कळत नाही. आज किती मिळालं आणि किती खर्च झालं, एवढंच त्याला कळतं. भगर आणि दाण्याची आमटी खाणारीला काही घाटा होत नाही, म्हणून गंधालींच्या आईची पाळी हलत नाही.

जाईजुई, तुमचा घाटा मात्र खरा होता. ५२ किलोत साधारण पाव भाग चरबी धरली, तर उरतात ३९ किलो. या उरलेल्या वजनाच्या दर किलोमागे रोज ३० कॅलरीच्या खाली माणूस काही दिवस राहिलं, की मेंदू काटकसर सुरू करतो, असं प्रयोगांत दिसलंय. ते प्रयोग पाचच दिवसांचे होते. तुमच्यासाठी तो आकडा येतो अकराशे-बाराशेच्या घरात. तुम्ही खाल्लंत साडेचारशे ते पाचशे, तेही नऊ दिवस. ३० ही काही लक्ष्मणरेषा नाही. कोणाचं त्याच्या खालीही चालतं, कोणाचं वर असूनही अडतं. पण तुम्ही निम्म्याच्याही खाली होतात.

काटकसर म्हणजे काय? पाळी आल्यापासून बीज बाहेर पडेपर्यंत मेंदूतून बीजकोशाकडे दर तास-दीड तासाने एक इशारा जात असतो. उपासमारीत हे इशारे विरळ होतात. इशारे विरळ झाले, की वाढत असलेलं बीज रेंगाळतं. कधी नंतर पुन्हा वेग घेतं, कधी ते विरून दुसरं वाढायला लागतं. दोन्हीत उशीर होतो.

आता जाऊबाईंचं कोडं. त्यांची आधीची पाळी कधीची होती?

---

जाईजुई | ३१ ऑक्टोबर, ४.४५

विचारून सांगते. फराळाचं चालू आहे, त्या चकल्या तळताहेत आणि मी सोऱ्या फिरवतेय. … १४ सप्टेंबर. त्यांचं चक्र २८ दिवसांचं. गर्भ राहू नये यासाठी दोघीही काहीच घेत नाही.

---

रेवा_म | ३१ ऑक्टोबर, रात्री ९.३०

उत्तर या तारखांतच आहे. कॅलेंडर समोर घ्या.

चक्राचे दोन भाग असतात. बीज बाहेर पडेपर्यंतचा पहिला भाग लवचीक, तो ताणला जातो. बीज पडल्यानंतरचा भाग साधारण १२ ते १४ दिवसांचा, आणि तो एकाच बाईत फारसा हलत नाही. पाळी "लांबते" तेव्हा बहुतेक वेळा पहिला भाग लांबलेला असतो.

जाऊबाई: १४ सप्टेंबरला सुरुवात, म्हणजे २८ सप्टेंबरच्या सुमारास बीज पडून गेलं. घट बसले ३ ऑक्टोबरला. त्या उपाशी राहिल्या तेव्हा त्या चक्रात लांबवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. १४ अधिक २८, दसरा. आली.

तुम्ही: २६ सप्टेंबरला सुरुवात. घटस्थापना तुमचा आठवा दिवस, दसरा सतरावा. २९ दिवसांच्या चक्रात बीज पडणार चौदा-पंधराव्या दिवशी, म्हणजे ९-१० ऑक्टोबरला. तुमचा उपवास नेमका त्याच दिवसांवर येऊन बसला. नवरात्र दोन आठवडे आधी असतं, तर धागा जाऊबाईंनी काढला असता.

---

मिश्किल_मीरा | ३१ ऑक्टोबर, ९.४४

म्हणजे पंचांगात घटस्थापनेच्या मुहूर्ताबरोबर हेही छापायला हवं.

---

शीतल_के | १ नोव्हेंबर, सकाळी ८.०५

लक्ष्मीपूजनाच्या शुभेच्छा! रेवाताईंनी सांगितलेलं वाचून अंगावर काटा आला, कारण माझ्या बाबतीत दोन्ही प्रकार झालेत.

आम्ही जैन. पर्युषणात मी दोनदा अठ्ठाई केली आहे. आठ दिवस अन्नाचा कण नाही, फक्त उकळलेलं पाणी, तेही सूर्यास्ताच्या आत. पहिल्यांदा केली तेव्हा पाळी संपून तीन दिवस झाले होते. ती पुढची पाळी बारा दिवस उशिरा आली. घरात सगळे म्हणाले, तपाचा ताण. तीन वर्षांनी पुन्हा केली, तेव्हा पाळीला नऊ-दहा दिवस राहिले होते, आणि ती पारण्यानंतर दुसऱ्या दिवशी वेळेवर आली. मला वाटायचं दुसऱ्या वेळी मन शांत होतं म्हणून. आता वाटतंय तारखेचा खेळ होता.

दोन्ही वेळी पुढचं चक्र नेहमीसारखं होतं.

---

गंधाली | १ नोव्हेंबर, ८.५०

मन शांत होतं हे इतक्या सहज सोडू नका. जागरण, गरबा, पाहुणे, सोवळं-ओवळं, यानेही पाळी हलते. माझी बारावीच्या परीक्षेत पंधरा दिवस लांबली होती, आणि मी तेव्हा दणकून खात होते.

---

रेवा_म | १ नोव्हेंबर, १०.२०

गंधाली, ते मान्य. ताण आणि झोप यांचाही रस्ता मेंदूतूनच जातो, आणि एखाद्या बाईत कशाचा वाटा किती, हे बाहेरून वेगळं काढता येत नाही. गरबा तर खर्चाच्या खात्यातच जातो. दोन तास नाचून वर एक केळं, म्हणजे त्या पाचशेतलेही बरेच गेले.

जाईजुई, एक राहिलं आणि ते महत्त्वाचं आहे. २७ची निगेटिव्ह टेस्ट धरू नका. बीज पडायलाच उशीर झाला असेल, म्हणजे समजा २० तारखेच्या आसपास पडलं, तर २७ला फक्त सात दिवस झाले होते. इतक्या लवकर गर्भ असला तरी पट्टीवर दुसरी रेघ उमटत नाही. पुन्हा करा, सकाळच्या पहिल्या लघवीची. तीही निगेटिव्ह आली आणि पाळी नाहीच, तर शेवटच्या संबंधाला २१ दिवस उलटल्यावर आणखी एकदा. तेव्हाचं उत्तर पक्कं.

सुलभामावशी, पपईने पाळी येत नाही. खायची असेल तर गोड लागते म्हणून खावी. तुमचं एक बरोबर आहे, की घाबरायचं कारण नाही आणि हे घरोघरी होतं.

---

सुलभामावशी | १ नोव्हेंबर, १२.१५

पपईचं मी सोडत नाही. पण ताई, तुम्ही समजावलंत छान.

---

अनघा_पिंची | १ नोव्हेंबर, दुपारी ३.००

सरळ मेडिकलमधून पाळी यायची गोळी आणून घ्या ना. मी गौरीच्या वेळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या होत्या, थांबवल्यावर तिसऱ्या दिवशी आली. तीन दिवसांत विषय संपतो.

---

रेवा_म | १ नोव्हेंबर, ५.४०

अनघा, गर्भ नाही हे पक्कं होण्याआधी नाही. शिवाय त्या गोळीने आलेला रक्तस्राव म्हणजे गोळी बंद केल्याचा परिणाम. बीज पडलं की नाही, मेंदूचे इशारे सुरू झाले की नाही, हे त्यातून काहीच कळत नाही. आठवडाभराच्या उशिरासाठी ती लागतही नाही.

पुढे ढकलायच्या गोळ्यांवरून आठवलं. सणानंतर "उपवासाने पाळी बिघडली" म्हणून येणाऱ्या निम्म्या जणींना विचारावं लागतं, तेव्हा कुठे त्या गोळ्या घेतल्याचं सांगतात. मग दोष उपवासाचा की गोळीचा, तेच कळत नाही. पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ होऊन गेली असेल, तर त्या विचारल्याशिवाय घेऊच नयेत.

---

समीना_र | १ नोव्हेंबर, रात्री ८.१०

रोज्यांचं सांगू का? सहरीला पोटभर, इफ्तारला त्याहून जास्त, त्यामुळे माझं वजन रमजानमध्ये उतरत नाही. पाळीत चार-पाच दिवस इकडेतिकडे होतं, तेही एखाद्या वर्षी. ते जेवणापेक्षा झोपेच्या खोबऱ्याने होत असावं असा माझा अंदाज. पाळीच्या दिवसांत रोजे नसतात, ते नंतर भरून काढायचे. त्यामुळे तारखा आम्ही बारकाईने मोजतो हे मात्र खरं.

---

पियू_पुणे | १ नोव्हेंबर, १०.२५

माझं उलटंच आहे. पीसीओडी आहे, पाळी दोन-अडीच महिन्यांनी यायची. गेल्या वर्षी वजन ७८ वरून ७२ केलं आणि दर ३५ दिवसांनी यायला लागली. मग कमी खाल्ल्याने पाळी लांबते असं कसं म्हणता?

---

रेवा_म | १ नोव्हेंबर, १०.५०

किती दिवसांत उतरवलंत?

---

पियू_पुणे | १ नोव्हेंबर, १०.५२

सात-आठ महिने लागले. भात निम्मा, रोज चालणं.

---

रेवा_म | १ नोव्हेंबर, ११.०५

मग तुमच्या मेंदूला दुष्काळ पडल्यासारखं कधी वाटलंच नाही. रोजची तूट थोडी, साठा भरपूर. पीसीओडीत वजन जरा उतरलं तरी बीज पडायला मदत होते. हेच सहा किलो तीन आठवड्यांत उतरवले असते, तर काय झालं असतं हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

---

नववधू_होते | २ नोव्हेंबर, सकाळी ११.३०

आयडी मुद्दाम नवीन घेतलाय.

सगळं आपोआप जाग्यावर येतं असं वाचून कोणी गाफील राहू नये म्हणून लिहितेय. लग्न मे महिन्यात होतं. फेब्रुवारीपासून रोज आठशे कॅलरी आणि सकाळी दीड तास जिम. ५८ वरून ४७ वर आले. मार्चची पाळी दहा दिवस उशिरा, जेमतेम दोन दिवस. एप्रिलची आलीच नाही. मला बरंच वाटलं, लग्नात अडचण नको. मे नाही, जून नाही, जुलै नाही. सासरी सगळ्यांना गोड बातमीची शंका, आणि मी बाथरूममध्ये पट्ट्या वाया घालवतेय.

जुलैअखेर डॉक्टरकडे गेले. गर्भाची तपासणी, थायरॉइड, प्रोलॅक्टिन, आणखी काही हार्मोन, सोनोग्राफी. सगळं ठीक, फक्त गर्भाशयाचं अस्तर कागदासारखं पातळ. औषध काय दिलं? "जेवा." आणि जिम निम्मी करा. मला राग आला होता. फी देऊन हे ऐकायचं?

तीन किलो वाढल्यावरही आली नाही. सहा किलो वाढल्यावर, डिसेंबरात आली. पुढची चाळीस दिवसांनी, मग तेहेतीस. मध्ये केस मुठीमुठीने गेले ते वेगळंच.

---

रेवा_म | २ नोव्हेंबर, दुपारी १.१५

हे लिहिल्याबद्दल आभार. नऊ दिवस आणि तीन महिने यांतला फरक हाच. नऊ दिवसांत कशाचीही मोडतोड होत नाही, नुसती थांबाथांब होते. माकडांना एक दिवस उपाशी ठेवून पाहिलंय. इशारे मंदावले, आणि पोटभर खायला घातल्यावर काही तासांत पूर्ववत झाले. बाईचं अगदी तासांत नाही, पण न्याय तोच. खाणं परत आलं, की इशारे परत येतात, बीज वाढतं, आणि त्यानंतर दोन आठवड्यांनी पाळी. म्हणून एक पाळी लांबते आणि पुढची जाग्यावर येते. महिनोन्महिने तूट चालली, की मेंदूचा विश्वास बसायलाही महिने लागतात.

माझा ठोकताळा: पारणं होऊन जेवण नीट सुरू झालं असेल आणि टेस्ट निगेटिव्ह असेल, तर एका लांबलेल्या पाळीसाठी तपासण्या करत नाही. नियमित असलेली पाळी तीन महिने आलीच नाही, किंवा पुढची दोन-तीन चक्रंही वेडीवाकडी गेली, तर यावं. पोटात एका बाजूला जोरात दुखलं किंवा टेस्ट पॉझिटिव्ह असून रक्त जायला लागलं, तर वाट न बघता त्याच दिवशी.

---

जाईजुई | ३ नोव्हेंबर, सकाळी ९.४०

आली!! भाऊबीजेला, पहाटे पाचला. भावाचं औक्षण करायचं होतं आणि मी गरम पाण्याची पिशवी घेऊन पडलेय. १ तारखेची टेस्टही निगेटिव्हच होती, सांगायचं राहिलं.

दोन गोष्टी. एक, या वेळी जास्त जातंय. दुसरं, रेवाताई, तुम्ही २० तारीख म्हणालात ना? कोजागिरीनंतर तीन-चार दिवसांनी अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा चिकट स्राव जात होता, ताणला तर तार धरणारा. तेव्हा वाटलं इन्फेक्शन. कोजागिरी १६ला होती, म्हणजे १९-२०च की!

आणि आता पुढची परत २५च्या आसपास येणार ना? मला तारखा लावायच्या आहेत, बहिणीचं लग्न आहे.

---

रेवा_म | ३ नोव्हेंबर, दुपारी १२.३०

१९-२० अधिक १४, भाऊबीज. जमलं. तो स्राव पक्का पुरावा नव्हे, उपाशीपोटी बीज वाढायचा प्रयत्न करून थांबलं तरी असा स्राव येऊन जाऊ शकतो. पण तुमच्या तारखा जुळताहेत.

अस्तराला दहा दिवस जास्त मिळाले, म्हणून जास्त जाणं साहजिक आहे. तासाला एक पॅड भिजायला लागलं, तर मात्र घरी बसू नका.

२५ विसरा. मोजणी आजपासून. उशीर भरून काढायला पुढचं चक्र आखूड होत नाही. २ डिसेंबरच्या आसपास धरा.

---

मिश्किल_मीरा | ३ नोव्हेंबर, १२.५०

लोकल उशिरा आली, की पुढचं टाइमटेबलच सरकतं, तसं.

---

गंधाली | ३ नोव्हेंबर, १.०५

मीरा, लोकलमध्ये पुढची गाडी वेळेवर येते. तुझी उपमा रद्द.

---

जाईजुई | ४ डिसेंबर, रात्री ८.१५

धागा वर काढतेय. काल आली. ३० दिवस. नेहमीइतकीच, चार दिवसांची दिसतेय. जाऊबाईंची ९ नोव्हेंबरला आली होती, २८ दिवस, त्यांचं काही हललंच नाही. वजन ५१. पुढच्या वर्षी मी उठता-बसताच करणार. जाऊबाई म्हणतात त्या नऊ दिवस करणार, पण आधी कॅलेंडर बघून ठरवतील. सासूबाई म्हणाल्या, देवीला तारखा कळवून टाका.

---

जाईजुई | ११ जानेवारी २०२५, सकाळी १०.०५

रेवाताई, अजून आहात का इथे? पाळी ठीक आहे, २ तारखेला आली. पण आठ दिवसांपासून कंगव्यात केसांचा पुंजका येतोय. नववधूताईंनी लिहिलं होतं तेच का? नवरात्राला तर तीन महिने झाले!

---

रेवा_म | ११ जानेवारी, दुपारी ३.३०

तीन महिने झाले म्हणूनच. केसांचं कॅलेंडर वेगळं असतं. त्यासाठी नवीन धागा काढा.